C₆H₁₄ चे समघटक पाच की आठ?

अकरावीच्या रसायनशास्त्राच्या गृहपाठात एक प्रश्न हमखास असतो: C₆H₁₄ या रेणुसूत्राचे सर्व समघटक काढा आणि त्यांची आयुपॅक नावे लिहा. वह्या तपासायला आल्या की एकीत सहा आकृत्या दिसतात, दुसरीत आठ, आणि एखाद्या कष्टाळू मुलाने तर पान भरून काढलेले असते. उत्तर पाच आहे. चुकलेल्या वह्यांमध्ये बहुतेक वेळा समघटक राहून गेलेला नसतो. एकच रेणू दोनदा-तीनदा, निरनिराळ्या बाजूंनी वाकवून काढलेला असतो आणि प्रत्येक वेळी तो नवा वाटलेला असतो.

या चुकीचे मूळ कागदात आहे. समघटक म्हणजे रेणुसूत्र तेच, पण अणूंची जोडणी वेगळी. कोणता कार्बन कोणत्या कार्बनला जोडलेला आहे, एवढाच प्रश्न असतो. आकृतीत साखळी सरळ काढली, खाली वळवली किंवा उलटी केली, तरी जोडणी बदलत नाही. खऱ्या रेणूत दोन कार्बनांमधला एकेरी बंध स्वतःभोवती फिरत असतो, त्यामुळे साखळी क्षणोक्षणी आकार बदलते. कागदावर मात्र तिचा एकच क्षण गोठून राहतो आणि डोळा त्या आकारालाच रेणू समजतो.

हायड्रोजन वगळून काढलेला हा सांगाडा पाहा:

```
C-C-C-C
    |
    C-C
```

वरच्या ओळीत चार कार्बन आडवे आहेत आणि खाली दोन कार्बनांची शाखा लोंबते आहे. साहजिकच मुले ‘३-इथिलब्युटेन’ असे लिहितात, आणि दुसऱ्या टोकाकडून आकडे कमी येतात हे लक्षात आलेली मुले ‘२-इथिलब्युटेन’ लिहितात. दोन्ही उत्तरे चूक आहेत. डावीकडच्या पहिल्या कार्बनपासून बोट फिरवा: पहिला, दुसरा, तिसरा, मग खाली वळून चौथा आणि पाचवा. पाच कार्बनांची अखंड साखळी मिळाली. शाखा ठरली ती उजवीकडे उरलेल्या एका कार्बनची. म्हणजे हा रेणू ३-मिथिलपेंटेन आहे, आणि तो त्याच वहीत वर कुठेतरी सरळ साखळीच्या रूपात आधीच काढलेला असण्याची दाट शक्यता आहे.

आयुपॅकच्या नियमांचा खरा उपयोग इथे कळतो. गृहपाठात नाव देणे हे शेवटचे, गुणांपुरते काम समजले जाते. आधी सगळ्या आकृत्या, मग सगळी नावे, असा क्रम असतो. पण नियम अशा रीतीने बांधलेले आहेत की एका जोडणीला एकच नाव मिळावे. त्यामुळे दोन आकृत्यांना एकच नाव आले तर तो एकच रेणू आहे, मग आकृत्या कितीही वेगळ्या दिसोत. आकृती काढली की लगेच नाव लिहावे. पुनरावृत्ती तिथल्या तिथे पकडली जाते.

त्यासाठी लागणारे नियम थोडेच आहेत. सर्वांत लांब अखंड कार्बनसाखळी शोधायची, ती जनक साखळी. शाखांचे स्थानांक लहानात लहान येतील त्या टोकापासून तिला क्रमांक द्यायचे. शाखांची नावे स्थानांकासह पुढे लावायची. सारखी शाखा दोनदा असेल तर ‘डाय’, तीनदा असेल तर ‘ट्राय’, आणि प्रत्येक शाखेला स्वतःचा आकडा. दोन मिथिल एकाच कार्बनवर असले तरी २ हा आकडा दोनदा लिहायचा: २,२-डायमिथिल. आकडे जितके, तितक्या शाखा. हा ताळा जमला नाही तर नाव चुकले आहे.

आता C₆H₁₄ चा गृहपाठ पहिल्यापासून सोडवू. लांब साखळीपासून सुरुवात करून एकेक कार्बन कमी करत जायचे. सहाही कार्बन एका रांगेत ठेवले की हेक्झेन मिळतो आणि सहा कार्बनांची साखळी तिथेच संपते.

मग पाचांची साखळी घ्यायची. एक कार्बन उरला, तो मिथिल शाखा म्हणून कुठे लावता येईल? टोकाच्या कार्बनला लावला तर साखळीच लांबते आणि हेक्झेन परत येतो. दुसऱ्याला लावला तर २-मिथिलपेंटेन, तिसऱ्याला लावला तर ३-मिथिलपेंटेन. चौथ्याला लावला की मुलांना नवा समघटक सापडल्यासारखे वाटते, पण उलट टोकाकडून मोजले की तो चौथा कार्बन दुसराच निघतो. म्हणून साखळीच्या मध्याच्या पलीकडे शाखा सरकवण्यात अर्थ नसतो.

पुढे चारांची साखळी. दोन कार्बन उरले. ते दोन मिथिल म्हणून आतल्या दोन कार्बनांवरच बसू शकतात. दोन्ही एकाच कार्बनवर बसवले की २,२-डायमिथिलब्युटेन आणि शेजारशेजारच्या कार्बनांवर बसवले की २,३-डायमिथिलब्युटेन. ३,३ म्हणजे उलटून वाचलेले २,२ च. दोन्ही उरलेले कार्बन मिळून एक इथिल शाखा केली तर? ती चारांच्या साखळीवर कुठेही लावली की साखळी पाच किंवा सहा कार्बनांची होते. वरच्या सांगाड्यात नेमके हेच झाले होते. म्हणजे या साखळीवर इथिल बसूच शकत नाही.

तिनांची साखळी घेतली तर मधला एकच कार्बन शाखा घेऊ शकतो. कार्बनची संयुजा चार. त्यातले दोन बंध साखळीत गेले, उरले दोन. त्यांवर दोन मिथिल लावले तरी कार्बन पाचच होतात. सहावा बसवायला जागा नाही. काही वह्यांत तो बळेच बसवलेला असतो आणि मधल्या कार्बनला पाच बंध दिसतात. प्रत्येक कार्बनभोवतीचे बंध मोजले आणि शेवटी हायड्रोजन १४ भरतात का हे पाहिले की अशी आकृती लगेच उघडी पडते. तेव्हा एक, दोन आणि दोन, मिळून समघटक पाच. शोध कुठे थांबवायचा हेही या क्रमाने आपोआप कळते, आणि सुचेल तसे काढत गेलेल्या मुलाला नेमके तेच कळत नसते.

हे पाच रेणू कागदापुरते वेगळे नाहीत. सरळ साखळीचा हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसला उकळतो. २-मिथिलपेंटेन ६० अंशांना, ३-मिथिलपेंटेन ६३ ला, २,३-डायमिथिलब्युटेन ५८ ला आणि २,२-डायमिथिलब्युटेन अवघ्या ५० अंशांना. अणू तेवढेच, वजन तेच, तरी एकोणीस अंशांचा फरक. लांब रेणू एकमेकांना पूर्ण लांबीभर चिकटतात. शाखा वाढल्या की रेणू आखडून गोळ्यासारखा होतो, शेजाऱ्याशी त्याचा स्पर्श कमी होतो, दोघांमधले आकर्षणही घटते आणि थोड्या उष्णतेत तो सुटून निघतो.

घरातही असा फरक पाहायला मिळतो. फ्रीजच्या मागच्या किंवा आतल्या लेबलवर शीतकाच्या रकान्यात R600a असे छापलेले सापडते. R600 म्हणजे सरळ साखळीचा ब्युटेन. शेवटचा a सांगतो की हा त्याचा समघटक आहे, ज्याला जुन्या पद्धतीत आयसोब्युटेन आणि आयुपॅक पद्धतीत २-मिथिलप्रोपेन म्हणतात. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो, हा उणे १२ अंशांच्या आसपास. फ्रीजच्या आतल्या नळ्यांत थंडी निर्माण करायला हा दुसरा बरा. C₄H₁₀ चे समघटक हे दोनच.

जुन्या पद्धतीतला ‘आयसो’ हा शब्द लहान रेणूंपुरता चालून जातो. साखळीच्या टोकाशी एक मिथिल फुटला की आयसो, दोन फुटले की निओ, असा संकेत होता. पेंटेनपर्यंत तो पुरला, कारण तिथे समघटक तीनच आहेत. हेक्झेनच्या पाचांना मात्र तो पुरत नाही, आणि पुढे तर गोंधळच होतो. पेट्रोलच्या ऑक्टेन आकड्यासाठी ज्या ‘आयसोऑक्टेन’ला १०० गुण देऊन प्रमाण मानले आहे, तो त्या संकेतानुसार २-मिथिलहेप्टेन असायला हवा होता. प्रत्यक्षात तो २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन आहे.

हे नाव उलट वाचून पाहावे, म्हणजे पाठीमागून पुढे. पेंटेन: पाच कार्बन एका रांगेत काढा. ट्रायमिथिल: एकेका कार्बनच्या तीन शाखा. २,२,४: दोन शाखा दुसऱ्या कार्बनवर, एक चौथ्यावर. पाच आणि तीन आठ, म्हणजे ऑक्टेनचे आठ कार्बन भरले. नंतर प्रत्येक कार्बनचे चार बंध पुरे होईतो हायड्रोजन लावा, ते १८ भरतील. आकृती कुणी दाखवली नाही तरी निव्वळ नावावरून रेणू कागदावर उभा राहतो. शून्य गुण मिळालेला दुसरा प्रमाण पदार्थ म्हणजे सरळ साखळीचा हेप्टेन. इंजिनात दाब वाढला की सरळ साखळ्या ठिणगीची वाट न पाहता पेट घेतात आणि ठोके बसल्यासारखा आवाज येतो. फाटे फुटलेले रेणू अधिक दम धरतात. समघटकांतला फरक तिथे कानांनी ऐकू येतो.

नावांचा घोळ एकोणिसाव्या शतकात इतका वाढला होता की १८९२ मध्ये जिनिव्हाला युरोपातले रसायनशास्त्रज्ञ त्यासाठी खास एकत्र आले. त्याआधी १८६६ मध्ये हॉफमन यांनी हायड्रोकार्बनांच्या नावांना ‘एन’, ‘ईन’, ‘आइन’ अशी क्रमवार शेवटची अक्षरे सुचवली होती. अल्केन, अल्कीन, अल्काइन ही आजची विभागणी त्यातूनच आली. जिनिव्हात सर्वांत लांब साखळीला आधार मानण्याचे तत्त्व ठरले, आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संघाने पुढे ते वाढवत नेले.

समघटक मोजणे तर गणितज्ञांनाही जड गेले. इंग्लंडचे आर्थर केली यांनी १८७० च्या दशकात अल्केनांच्या समघटकांची संख्या गणिताने काढली. अकरा कार्बनांपर्यंत त्यांचे आकडे बरोबर होते. बारा कार्बनांसाठी त्यांनी ३५७ सांगितले, खरी संख्या ३५५ आहे. तेरांसाठी ७९९ सांगितले, खरी संख्या ८०२. वाढ कशी होते तेही पाहण्यासारखे आहे: सहा कार्बनांना ५, सातांना ९, आठांना १८, नवांना ३५, दहांना ७५ आणि वीस कार्बनांना तीन लाख सहासष्ट हजारांहून अधिक. म्हणूनच समघटक काढण्याचे प्रश्न सहा-सात कार्बनांच्या आसपास थांबतात.

कार्बन वाढले की नियमांतले बारकावे लागतात. सर्वाधिक मुले अडखळतात ती क्रमांक कोणत्या टोकापासून द्यायचे इथे. ‘लहानात लहान आकडे’ म्हणजे लहानात लहान बेरीज, असे जुन्या गाइडांत आणि शिकवण्यांत सांगितले जाते आणि ते बऱ्याचदा जमूनही जाते. पण नियम बेरजेचा नाही. दहा कार्बनांच्या साखळीवर तीन मिथिल आहेत असे समजा. एका टोकाकडून मोजले तर स्थानांक २,७,८ येतात, दुसऱ्या टोकाकडून ३,४,९. बेरीज पहिल्याची १७, दुसऱ्याची १६. तरीही बरोबर नाव २,७,८-ट्रायमिथिलडेकेन आहे. दोन्ही मालिका शेजारी ठेवायच्या आणि डावीकडून पाहत जायचे. जिथे पहिला फरक पडतो तिथे लहान आकडा असलेली मालिका जिंकते. इथे पहिल्याच जागी २ विरुद्ध ३ असा निकाल लागतो, पुढचे पाहायचेच नाही.

दुसरा बारकावा मराठी माध्यमाच्या मुलांना खास जपावा लागतो. वेगवेगळ्या शाखा असतील तर त्या वर्णक्रमाने लिहायच्या, पण हा वर्णक्रम रोमन लिपीचा आहे. इथिल आणि मिथिल यांत फसगत होत नाही, कारण दोन्ही लिप्यांत इथिलच आधी येते. पण देवनागरीत प हा म च्या आधी, तर रोमन लिपीत मिथिलचे आद्याक्षर प्रोपिलच्या आधी. तसेच ब्युटिल रोमन क्रमात इथिलच्याही आधी येते. म्हणून क्रम लक्षात ठेवावा तो असा: ब्युटिल, इथिल, मिथिल, प्रोपिल. ‘डाय’ आणि ‘ट्राय’ या क्रमात धरत नाहीत. डायमिथिल हे म मध्येच मोजायचे, त्यामुळे ३-इथिल-२,२-डायमिथिलपेंटेन या नावात इथिल आधी आले आहे.

दुहेरी बंध आला की मोजणीच बदलते. C₄H₈ घ्या. चार कार्बनांच्या अल्केनला दहा हायड्रोजन लागतात, इथे दोन कमी आहेत. हे दोन कमी असणे म्हणजे एकतर एक दुहेरी बंध, नाहीतर एक वलय. मुले दुहेरी बंधाचे समघटक काढतात आणि वलयाचे दोन, म्हणजे सायक्लोब्युटेन व मिथिलसायक्लोप्रोपेन, विसरतात. प्रश्नात ‘अल्कीनचे समघटक’ म्हटले आहे की नुसते ‘समघटक’, हे आधी वाचून घ्यावे. दुहेरी बंध एकेरीसारखा फिरत नाही, म्हणून ब्युट-२-ईनचे दोन खरे वेगळे रेणू होतात: टोकाचे दोन्ही मिथिल एकाच बाजूला असले की सिस, समोरासमोरच्या बाजूंना असले की ट्रान्स. पहिला सुमारे ४ अंशांना उकळतो, दुसरा सुमारे १ अंशाला. त्यांच्यासोबत ब्युट-१-ईन, २-मिथिलप्रोपीन आणि दोन वलये धरली की C₄H₈ चे समघटक सहा होतात. यातही नाव चोर पकडते. वहीत कुणी ‘१-मिथिलप्रोपीन’ लिहिले असेल तर लांब साखळी नीट मोजली की तो ब्युट-२-ईनच निघतो.

दुहेरी बंधाच्या बाबतीत नियमही अलीकडे बदलला आहे. दुहेरी बंध ज्या साखळीत आहे तीच जनक धरायची, मग बाहेर तिच्याहून लांब साखळी असली तरी चालेल, हा जुना नियम बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे. आयुपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत आधी लांबी पाहायला सांगितले आहे. त्यामुळे पुस्तकातले २-इथिलपेंट-१-ईन नव्या शिफारशीत ३-मिथिलिडीनहेक्झेन होते. परीक्षेत पुस्तकातला नियम पाळावा. मात्र इंटरनेटवर किंवा नव्या संदर्भग्रंथात वेगळे नाव दिसले तर ते चूक समजू नये.

आकृत्यांची एक मर्यादा शेवटी उरते. सात कार्बनांच्या C₇H₁₆ चे समघटक नऊ, असे पुस्तक सांगते आणि जोडणीपुरते ते बरोबर आहे. पण त्यांतल्या ३-मिथिलहेक्झेनमध्ये तिसऱ्या कार्बनला चार निरनिराळे गट जोडलेले आहेत: हायड्रोजन, मिथिल, इथिल आणि प्रोपिल. अशा रेणूची आरशातली प्रतिमा मूळ रेणूवर तंतोतंत बसत नाही. २,३-डायमिथिलपेंटेनचेही तेच. त्या दोन जोड्या वेगळ्या मोजल्या तर नऊचे अकरा होतात. सपाट आकृतीत हा फरक दिसत नाही. त्यासाठी कार्बनच्या चार दिशांचा विचार करावा लागतो आणि नावापुढे आर किंवा एस हे चिन्ह जोडावे लागते. प्रश्नात ‘संरचना समघटक’ असे म्हटले असेल तर उत्तर नऊच द्यावे.

ते नऊ काढून पाहण्याचा सराव वाचकांनी, विशेषतः घरात अकरावीचे मूल असलेल्या वाचकांनी, जरूर करावा. सातांच्या साखळीत एक मिळेल, सहांच्या साखळीत दोन, पाचांच्या साखळीत पाच आणि चारांच्या साखळीत एक. इथिल शाखा फक्त एकदाच येईल, ३-इथिलपेंटेनमध्ये. यादीत ‘२-इथिलपेंटेन’ दिसले तर त्या आकृतीत सहा कार्बनांची साखळी शोधा, ती ३-मिथिलहेक्झेन निघेल. दहावी आकृती उरलीच, तर तिचे नाव नीट लिहून बाकीच्या नऊ नावांशी ताडून पाहा.